फुलोऱ्यावरून छायाचित्राचे स्थान व काळ निश्चित करणे

छायाचित्रात दिसणाऱ्या झाडाची जात ओळखून त्याच्या बहराच्या काळावरून छायाचित्राचा प्रदेश आणि महिना यांचा अंदाज बांधण्याची पद्धत वस्तुस्थिती पडताळणीत, तसेच जुन्या छायाचित्रांच्या नोंदी तयार करताना वापरली जाते. फुलोऱ्यावरून एकच उत्तर मिळेल असे नाही. बहुधा स्थान आणि महिना यांच्या काही मोजक्या जोड्या हाती लागतात व त्यांतील योग्य जोडी इतर खुणांवरून निवडावी लागते.

जातीची ओळख

पद्धतीतील बहुतेक चुका या पहिल्याच टप्प्यावर होतात. जॅकरांडाची (नीलमोहर) फुले जांभळट निळी व नळीसारखी, पाने नेच्यासारखी बारीक, तर शेंगा चपट्या, गोलसर आणि कठीण असतात. या शेंगा बहराच्या वेळीही फांद्यांवर टिकून असल्याने दुरून घेतलेल्या छायाचित्रातही त्या उपयोगी पडतात. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हणही उन्हाळ्यात जांभळा फुलतो. मात्र त्याची पाने मोठी व अखंड असतात. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गालगत फुलणारी गुलाबी झाडे ‘चेरी’ म्हणून प्रसारित होतात. प्रत्यक्षात ती टॅबेबुया रोझिया, म्हणजे बसंत रानी, या जातीची आहेत.

तीन झाडे, तीन प्रकारची माहिती

चेरीचा बहर एखाद्या ठिकाणी थोडेच दिवस टिकतो, त्यामुळे ती काळ बारकाईने सांगते. जपानमधील सोमेई योशिनो ही जात टोकियोत साधारण मार्चअखेरीस, तर उत्तरेकडील सप्पोरोत एप्रिलअखेर ते मेच्या आरंभी फुलते. शिलाँगमधील हिमालयी चेरी मात्र नोव्हेंबरमध्ये बहरते. म्हणून केवळ ‘चेरी म्हणजे वसंत’ असे गृहीत धरता येत नाही.

गुलमोहर प्रामुख्याने गोलार्ध सुचवतो. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष भारतात एप्रिल ते जूनमध्ये, तर मादागास्कर व मॉरिशसमध्ये वर्षअखेरीस फुलतो.

जॅकरांडा जगभर लावला गेल्याने सर्वांत फसवा, आणि म्हणूनच सर्वांत उपयुक्त ठरतो. मेक्सिको सिटीत तो फेब्रुवारी ते एप्रिल, काठमांडूत एप्रिल–मे, लॉस एंजेलिस व लिस्बन येथे मे–जून, नैरोबीत सप्टेंबर–ऑक्टोबर आणि प्रिटोरियात ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये बहरतो. ऑस्ट्रेलियातील ग्राफ्टन येथेही बहराचा काळ जवळपास प्रिटोरियासारखाच असतो.

उदाहरण

दुतर्फा जांभळी झाडे असलेल्या रस्त्याचे एक छायाचित्र ‘या मे महिन्यातील’ म्हणून प्रसारित झाले आहे, असे समजू. शेंगांवरून झाड जॅकरांडा ठरते. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चाललेली दिसतात. त्यामुळे मेक्सिको सिटी, लॉस एंजेलिस व लिस्बन ही शहरे वगळली जातात. काठमांडू, नैरोबी, ग्राफ्टन आणि प्रिटोरिया ही नावे उरतात व त्यांपैकी मे महिना केवळ काठमांडूला लागू पडतो. परंतु पदपथाच्या कडेच्या दगडावर रस्त्याचे नाव रंगवलेले आहे. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतील शहरांत सर्रास आढळते. तेथे मे महिना हिवाळ्याच्या तोंडाचा असतो व जॅकरांडा फुललेला नसतो. म्हणजे स्थान दक्षिण आफ्रिकेतील असेल, तर दाव्यातील महिना चुकीचा ठरतो.

पुढे महिनाही बारकाईने पाहता येतो. फांद्या जवळपास निष्पर्ण, झाडावर दाट फुले आणि जमिनीवर थोडी, असे चित्र बहराच्या आरंभाचे, म्हणजे सामान्यतः ऑक्टोबरचे असते. कोवळी पाने फुटलेली, फुले विरळ आणि रस्त्यावर फुलांचा थर असल्यास नोव्हेंबर अधिक संभवतो. हा काळ तेथील विद्यापीठांच्या वार्षिक परीक्षांचा असल्याने, जॅकरांडाचे फूल डोक्यावर पडल्यास परीक्षेत यश मिळते, असा समज प्रिटोरियातील विद्यार्थ्यांत रूढ आहे. प्रिटोरिया आणि जोहान्सबर्ग यांत मात्र फुलांवरून भेद करणे कठीण आहे. त्यासाठी रस्त्याचे नाव नकाशावर शोधावे लागते.

मर्यादा

बहर हवामानानुसार मागेपुढे होतो. क्योटोतील चेरीचा पूर्ण बहर २०२१ मध्ये २६ मार्च रोजी, म्हणजे तोपर्यंतच्या उपलब्ध प्रदीर्घ नोंदींतील सर्वांत लवकर, नोंदवला गेला. त्यामुळे सरासरी तारखेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन आठवड्यांची मुभा ठेवणे योग्य ठरते आणि वर्ष माहीत असल्यास त्या वर्षीची स्थानिक छायाचित्रे ताडून पाहिली जातात. जॅकरांडाला काही ठिकाणी मुख्य हंगामाबाहेरही तुरळक फुले येतात. म्हणून एका झाडापेक्षा संपूर्ण रांगेचा बहर अधिक विश्वसनीय मानला जातो.

रंग बदललेली छायाचित्रेही दिशाभूल करतात. हिरव्या झाडांना जांभळा रंग दिलेला असल्यास सहसा हिरवळ व झुडपेही जांभळट दिसतात, आणि झाडाखाली गळून पडलेली फुले आढळत नाहीत.