हंडीत चिकन किती, तेल किती?

नांदेड असो की लातूर, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले की आपल्या घरात पहिली बंदी गोश्तावर येते. अम्मीच्या ताटातले चिकन जाते. त्या जागी तेलात तरंगणारी वांग्याची भाजी येते आणि पोट भरत नाही म्हणून एक भाकरी वाढते. दोन महिन्यांनी वजनकाट्यावर आकडा तोच! दोष चिकनचा नव्हता, ते ज्यात शिजत होते त्या तेला-खोबऱ्याचा होता.

पाच माणसांच्या घरातली एक हंडी घेऊन हिशोब करू. एक किलो चिकन, कातडी काढलेले. हाडे वजा जाता खाण्याजोगे मांस साधारण 700 ग्रॅम उरते. त्यात सुमारे 840 कॅलरी आणि 140 ग्रॅम प्रथिने असतात. आता सालनाचा मसाला पाहा. एक वाटी म्हणजे 150 मिली तेल, त्याच्या 1200 कॅलरी. 50 ग्रॅम सुके खोबरे, 330. तेवढेच शेंगदाणे, 280. म्हणजे 840 कॅलरीचे चिकन आणि 1800 कॅलरीचा मसाला! माणशी हिशोब 530 वर जातो. तेल करडईचे घ्या, सोयाबीनचे घ्या की शेंगदाण्याचे, कॅलरी सारख्याच.

हेच सालन पोह्याच्या तीन चमचे तेलात होते. चिकनला 150 ग्रॅम दही, आले-लसूण, हळद, तिखट आणि मीठ लावून तासभर ठेवा. जाड बुडाच्या भांड्यात तेल तापवून खडा मसाला टाका, मग चार बारीक चिरलेले कांदे आणि त्यातच थोडे मीठ. झाकण ठेवून आच मंद करा. मिठामुळे कांद्याला पाणी सुटते. कांदा बुडाला चिकटू लागला की तेल न घालता गरम पाण्याचा हबका मारा आणि खरवडून घ्या. असे तीन-चार वेळा केले की वीसेक मिनिटांत कांदा बदामी होतो. मग टोमॅटो, त्यानंतर कोरडे भाजून वाटलेले धने आणि फक्त दोन चमचे खोबरे. शेंगदाणे नकोत, दाटपणा कांदा आणि दही देतात.

नेमके इथेच अनेकींचे चुकते. मसाला शिजल्याची आपली खूण म्हणजे कडेने तेल सुटणे. तेल कमी असले की ते सुटत नाही, म्हणून मसाला कच्चा वाटतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. इथे खूण वेगळी आहे: कांद्याचा उग्र वास गेला पाहिजे आणि मसाला कडा सोडून गोळा झाला पाहिजे. मग चिकन घालून हलवत राहा, नाहीतर दही फाटते. झाकण ठेवून त्याच्याच पाण्यात शिजवा. गरम पाणी शेवटी, हवे तेवढेच. ही हंडी माणशी 280 कॅलरीच्या आसपास भरते. वाचलेल्या 250 कॅलरी एका ज्वारीच्या भाकरीपेक्षा जास्त आहेत, आणि चिकनची प्रथिने एक ग्रॅमनेही घटली नाहीत.

अंड्याचेही असेच. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे 70 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिने. पण दोन अंड्यांच्या ऑम्लेटला पोह्याचे दोन चमचे तेल घातले तर 140 च्या अंड्यांवर 240 चे तेल चढते. चहाचा एक चमचा तेल पुरते. अंडा करीसाठी उकडलेली अंडी तळू नका. सुरीने चार चिरा द्या आणि रश्श्यात सोडा, मसाला आत जातो.

आपल्याकडे बाजारात मिळणारे रोहू आणि कटला हे कमी चरबीचे मासे. कढईत तळले की ते तेल पितात. मीठ, हळद, तिखट आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवा, मग सुटलेले पाणी पुसून काढा. ज्वारीच्या पिठाचा पातळ हात द्या. तवा चांगला तापल्यावर चहाचे दोन चमचे तेल पसरून पाच तुकडे ठेवा. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपोआप सुटतो. त्याआधी उलटला तर चिकटतो, तुटतो आणि मग वरून तेल ओतले जाते.

हा फरक त्या-त्या जेवणापुरता आहे. रोजच्या भाजीला आणि बगाऱ्यालाही तेच माप लागेल. त्याची परीक्षा सोपी: पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात दिवसाला जवळपास 270 कॅलरी नुसत्या तेलाच्या जातात. डब्यावर तारीख लिहून ठेवा आणि पुढचा डबा किती दिवस पुरतो ते पाहा.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र चिकन, अंडी, मासे किती खावेत हे डॉक्टरांनाच विचारावे. बाकीच्यांनी दस्तरखानावरून गोश्त उठवायची गरज नाही. तेलाची बाटली तेवढी चुलीपासून दूर ठेवा आणि चमच्याने मोजून घाला.