गालावरचे कवडसे

आंब्याखाली दुपारी उभ्या केलेल्या नवरीच्या गालावर एक कवडसा, कपाळावर दुसरा आणि एक डोळा सावलीत. उजेड कमी घेतला की तो डोळा हरवतो. वाढवला की कवडशातली त्वचा पांढरीफटक पडते, आणि फोटोत नोंदच न झालेला पोत नंतर संगणकावरही परत येत नाही.

यावर उपाय म्हणजे पांढऱ्या अर्धपारदर्शक कापडाचा डिफ्यूझर. सूर्य आणि चेहरा यांच्यामध्ये, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, हातभर अंतरावर तो धरायचा. कवडसे मग कापडावर पडतात आणि तिथून पसरलेला उजेड चेहऱ्यावर एकमेकांत मिसळतो. अगदी गालाजवळ आणला तर मात्र ठिपके पुसट होऊनही दिसत राहतात.

कापड थोडा उजेड खातं. त्यासाठी एक्स्पोजर वाढवलं की मागचं ऊन भगभगतं, म्हणून पार्श्वभूमीही सावलीतलीच निवडावी.