ताळेबंदातील तीन गुणोत्तरे व भागाकारातील दक्षता

शेतकरी उत्पादक कंपनीचा ताळेबंद दरवर्षी ३१ मार्चच्या स्थितीवर तयार होतो व वार्षिक सभेत सभासदांपुढे ठेवला जातो. सामान्यतः सभासद नफा किती झाला एवढेच पाहतात. परंतु आपण घातलेल्या धान्याचे पैसे वेळेवर मिळतील काय, बँकेचा हप्ता भरला जाईल काय आणि कंपनी कोणाच्या पैशावर उभी आहे, या प्रश्नांची उत्तरे नफ्याच्या आकड्यात नसतात. ती ताळेबंदातील काही ओळींची एकमेकींशी तुलना केल्याने मिळतात. या तुलनेस गुणोत्तर म्हणतात. चालू गुणोत्तर, शीघ्र गुणोत्तर व कर्ज-स्वनिधी गुणोत्तर ही तीन गुणोत्तरे कशी काढावीत आणि ती काढताना भागाकारात कोठे फसगत होते, याचे विवेचन येथे केले आहे.

उदाहरणादाखल एक ताळेबंद

तूर व हरभरा यांची खरेदी करून स्वच्छता व प्रतवारी करणाऱ्या एका लहान कंपनीचा ताळेबंद आपण कल्पू. आकडे रुपयांत आहेत.

| भांडवल व देणी | रक्कम |
|---|---|
| भागभांडवल | १०,००,००० |
| राखीव निधी व शिल्लक नफा | २,००,००० |
| दीर्घ मुदतीचे कर्ज | ९,००,००० |
| अल्प मुदतीचे कर्ज | ११,००,००० |
| व्यापारी देणे | ५,००,००० |
| इतर चालू देणी | १,००,००० |
| एकूण | ३८,००,००० |

| मालमत्ता व येणी | रक्कम |
|---|---|
| इमारत व यंत्रे | १७,६०,००० |
| मालसाठा | १४,४०,००० |
| व्यापारी येणे | ४,००,००० |
| रोख व बँक शिल्लक | १,६०,००० |
| दिलेल्या आगाऊ रकमा | ४०,००० |
| एकूण | ३८,००,००० |

यातील अल्प मुदतीच्या कर्जाची ओळ नीट समजून घ्यावी. त्यात कॅश क्रेडिटचे ८,००,००० रुपये आहेतच. शिवाय यंत्रासाठी घेतलेल्या १२,००,००० रुपयांच्या मुदती कर्जापैकी पुढील बारा महिन्यांत भरावयाच्या हप्त्यांचे ३,००,००० रुपयेही आहेत. मुदती कर्जाचे उरलेले ९,००,००० रुपये तेवढे दीर्घ मुदतीच्या ओळीत राहतात. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वर्षभरात देय होणारे हे हप्ते अल्प मुदतीच्या कर्जातच दाखवावे लागतात. त्यापूर्वीच्या ताळेबंदांत ते इतर चालू देण्यांत आढळतील. जुन्या व नव्या वर्षांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

चालू गुणोत्तर

बारा महिन्यांच्या आत पैशात रूपांतर होईल अशी मालमत्ता ती चालू मालमत्ता, व बारा महिन्यांच्या आत फेडावयाचे ते चालू देणे, असे स्थूलमानाने समजावे. आपल्या उदाहरणात मालसाठा, व्यापारी येणे, रोख शिल्लक व आगाऊ रकमा मिळून चालू मालमत्ता २०,४०,००० रुपये होते. अल्प मुदतीचे कर्ज, व्यापारी देणे व इतर देणी मिळून चालू देणी १७,००,००० रुपये होतात. पहिल्या रकमेस दुसरीने भागल्यास १.२० हे चालू गुणोत्तर येते. याचा अर्थ असा की, वर्षभरात फेडावयाच्या प्रत्येक रुपयामागे कंपनीजवळ एक रुपया वीस पैशांची चालू मालमत्ता आहे.

हे पुरेसे आहे काय? रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीने १९७५ साली सुचविलेल्या दुसऱ्या पद्धतीप्रमाणे चालू मालमत्तेचा एक चतुर्थांश भाग उद्योगाने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभारावयाचा असे. त्यावरून किमान १.३३ हे प्रमाण रूढ झाले. पुढे बँकांस स्वतःचे निकष ठरविण्याची मोकळीक मिळाली, तरी तुलनेसाठी हा आकडा उपयोगी आहे. आपली कंपनी त्याच्या खाली आहे.

आता समजा, गुणोत्तर काढणाऱ्याने हप्त्यांचे ३,००,००० रुपये चालू देण्यांत धरलेच नाहीत. मग देणी १४,००,००० रुपये होतील व गुणोत्तर १.४६ येईल. भागाकार बिनचूक असूनही कंपनी सुस्थितीत असल्याचा खोटा निर्वाळा मिळेल. म्हणून भागाकारापूर्वी मुदती कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता मागून घेऊन ही रक्कम ताडून पाहावी.

शीघ्र गुणोत्तर

चालू मालमत्तेत सर्वांत मोठा आकडा मालसाठ्याचा आहे. तूर व हरभरा यांची खरेदी मार्चअखेर भरात असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु गोदामातील पोते म्हणजे हातातील पैसा नव्हे. त्यासाठी ग्राहक मिळावा लागतो, भाव ठरावा लागतो व वजनातील घटही सोसावी लागते. आगाऊ दिलेली रक्कमही रोखीने परत येत नाही. तिच्या बदली माल किंवा सेवा मिळते. म्हणून शीघ्र गुणोत्तरासाठी या दोन्ही रकमा वगळून फक्त व्यापारी येणे व रोख शिल्लक धरावी. ती बेरीज ५,६०,००० रुपये होते. तिला १७,००,००० ने भागल्यास ०.३३ येते.

धान्याच्या व्यापारात हंगामात हे गुणोत्तर कमी राहणारच. तेवढ्यावरून कंपनी बुडते आहे असे मानू नये. कॅश क्रेडिटचे ८,००,००० रुपये मर्यादेचे नूतनीकरण झाल्यास एकदम फेडावे लागत नाहीत. मात्र ते वगळले तरी सभासदांच्या धान्याचे ५,००,०००, हप्त्यांचे ३,००,००० व इतर १,००,००० मिळून ९,००,००० रुपये द्यावयाचे राहतात व त्यासमोर ५,६०,००० रुपयेच आहेत. उरलेले ३,४०,००० रुपये माल विकूनच उभे करावे लागतील. भाव वाढेल या आशेने माल किती दिवस धरून ठेवावा, हा निर्णय संचालकांनी या आकड्याकडे पाहून घ्यावा.

कर्ज-स्वनिधी गुणोत्तर

भागभांडवल व राखीव निधी मिळून कंपनीचा स्वनिधी १२,००,००० रुपये आहे. दीर्घ व अल्प मुदतीचे कर्ज मिळून २०,००,००० रुपये आहे. कर्जास स्वनिधीने भागल्यास १.६७ येते, म्हणजे सभासदांच्या एका रुपयामागे कर्जाचे एक रुपया सदुसष्ट पैसे गुंतले आहेत. काही ठिकाणी फक्त मुदती कर्ज धरून हे गुणोत्तर काढतात. तसे केल्यास येथे ते १.०० येईल. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. म्हणून कोणती वापरली हे आकड्याशेजारी लिहावे व दरवर्षी तीच वापरावी.

तूर-हरभऱ्याचा भाव खरेदी किमतीपेक्षा दहा टक्क्यांनी उतरला, तर मालसाठ्यातून १,४४,००० रुपये कमी करावे लागतात व स्वनिधीही तितकाच घटून १०,५६,००० रुपये होतो. कर्ज मात्र तेवढेच राहते. त्यामुळे कर्ज-स्वनिधी गुणोत्तर १.८९ वर चढते व चालू गुणोत्तर १.१२ वर उतरते. भावातील तोटा प्रथम सभासदांच्या पैशावर कसा पडतो, हे यावरून कळते.

भागाकार केव्हा करू नये

अनेक कंपन्यांची गुणोत्तरे संगणकावरील तक्त्यात एकत्र काढताना तीन प्रसंग वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला प्रसंग शून्य भाजकाचा. नव्या कंपनीस कोणतेही चालू देणे नसेल, तर कोणत्याही रकमेस शून्याने भागता येत नाही. अशा ठिकाणी काही जण तक्त्यात शून्य भरून टाकतात. ही मोठी चूक होय. शून्य चालू गुणोत्तर म्हणजे देणी आहेत पण मालमत्ता नाही. येथे वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शिवाय तालुक्याची सरासरी काढताना ते शून्य मोजले जाऊन सरासरी विनाकारण खाली येते. तेथे 'लागू नाही' असे लिहावे.

दुसरा प्रसंग उणे स्वनिधीचा, व तो सर्वांत घातक. समजा, साचलेला तोटा १३,००,००० रुपये असून भागभांडवल १०,००,००० रुपयेच आहे. मग स्वनिधी उणे ३,००,००० होतो. कर्ज २०,००,००० असता भागाकार उणे ६.६७ येतो. 'गुणोत्तर २ पेक्षा कमी ते चांगले' अशी कसोटी तक्त्यात लावली असल्यास ही कंपनी सर्वांत उत्तम ठरेल. वस्तुतः तिचे सारे भांडवल संपलेले आहे. म्हणून भाजक शून्य नाही एवढे पाहून भागत नाही; तो शून्याहून अधिक असला पाहिजे. उणे स्वनिधीच्या कंपनीची नोंद स्वतंत्रपणे करून ती प्रथम तपासावी.

तिसरा प्रसंग माहितीच नसण्याचा. रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. आकड्यापुढे 'रु.' असे अक्षर टंकित केले, तर संगणक ती रक्कम मजकूर समजतो व बेरजेतून मुकाट्याने गाळतो. हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळत नाही. बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

समजा, B10 या चौकटीत चालू मालमत्ता व B20 मध्ये चालू देणी आहेत. मग पुढील सूत्र तिन्ही प्रसंग सांभाळते:

```
=IF(COUNT(B10,B20)<2,"माहिती नाही",IF(B20>0,B10/B20,"लागू नाही"))
```

COUNT हे फक्त आकडे असलेल्या चौकटी मोजते. दोहोंपैकी एकीतही आकडा नसल्यास 'माहिती नाही' असे उमटते. भाजक शून्य किंवा उणे असल्यास 'लागू नाही' असे उमटते. एरव्ही भागाकार होतो. इतर दोन गुणोत्तरांसाठी चौकटींची नावे तेवढी बदलावीत. कोणतीही चूक एकाच उत्तराने झाकणारे IFERROR येथे वापरू नये. कारण मग माहिती नाही की भाजक शून्य आहे, हे कळत नाही. शिवाय उणे भाजक त्यातून न अडता निसटतो.

भाजक फारच लहान असल्यास सूत्र अडवीत नाही. चालू देणी २,००० रुपये व चालू मालमत्ता ३,००,००० रुपये असल्यास गुणोत्तर १५० येते. ते गणिताने बरोबर असले तरी त्यातून फारसा बोध होत नाही. अशा वेळी मूळ रकमाच लिहाव्यात.

वरील दुरुस्तीनुसार कंपन्यांनी चालू व कर्ज-स्वनिधी ही गुणोत्तरे ताळेबंदाच्या टिपांत द्यावयाची असतात आणि मागील वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास त्याचे कारणही द्यावयाचे असते. शीघ्र गुणोत्तर त्या यादीत नाही. ते सभासदांनी स्वतः काढावे. हे सर्व आकडे ३१ मार्च या एका दिवसाचे आहेत, याचा विसर पडू देऊ नये. साठा विकला गेल्यावर, सप्टेंबरअखेरच्या हिशेबावरून तीच गुणोत्तरे पुन्हा काढून शेजारी मांडल्यास कंपनीची खरी चाल ध्यानात येईल.