खांद्यावरची टोपली आणि शेतकऱ्याचं मनोगत

जुन्या इस्राएलात शेतकरी बागेत शिरला आणि त्याला पहिलं पिकलेलं अंजीर दिसलं, की तो ते तोडत नसे. लव्हाळ्याची काडी त्या फळाला बांधून तो म्हणे, हे देवाचं. द्राक्षाचा पहिला घड, पहिलं डाळिंब यांनाही अशीच खूण होई. ही फळं टोपलीत भरून तो यरुशलेमला निघे. वाटेत गावोगावचे लोक सामील होत. पुढे सोनं मढवलेल्या शिंगांचा बैल आणि बासरीवाला असे.

मंदिरात गेल्यावर त्याने काय म्हणायचं, ते बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात आहे. ते पद्य नाही, पण मोठ्याने म्हणायचं असल्याने त्याला लय आहे. त्यात स्तुतीची विशेषणं जवळजवळ नाहीत. आमचा पूर्वज भटका होता, मूठभर माणसं घेऊन मिसरात गेला, तिथे आम्हाला राबवून घेतलं, आम्ही हाक मारली, देवाने सोडवून या जमिनीत आणलं. शेवटच्या वाक्यात शेतकरी ‘मी’वर येतो: तू दिलेल्या जमिनीचं पहिलं फळ मी आणलं आहे. कालपर्यंत दुसऱ्याच्या कामावर राबणारा आज स्वतःच्या रानातला माल घेऊन उभा आहे, एवढंच तो सांगतो. माझ्या मते या प्रार्थनेचं सगळं बळ या साधेपणात आहे.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’त हा विधी बारकाईने दिला आहे. म्हणायला सुरुवात करताना टोपली खांद्यावरच असे, मग राजा का असेना. श्रीमंत सोन्याचांदीची टोपली आणत, गरीब सोललेल्या वाळुंजाच्या फोकांची. पूर्वी ज्याला शब्द येत तो स्वतः म्हणे आणि न येणाऱ्याला सांगितले जात. पण आपलं अडाणीपण चारचौघांत उघडं पडतं, या लाजेने लोक येईनासे झाले. तेव्हा ठरलं, की येणारा असो वा नसो, सगळ्यांनाच शब्द सांगायचे आणि सगळ्यांनी मागोमाग म्हणायचं.

पुढे देवाने दिलेल्या सुखात घरच्यांबरोबर लेवी आणि गावात राहणारा परका यांनाही वाटा द्यायचा, असं तोच अध्याय सांगतो.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि टोपल्या थांबल्या. शब्द मात्र वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचल्या जाणाऱ्या ‘हग्गादा’त राहिले. गंमत अशी, की तिथे वाचन सुटकेपाशी थांबतं, फळाचं वाक्य येत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी हा हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला.