दखलपात्र आणि अदखलपात्र गुन्हे

चाळींतील नळावर सकाळीं पाण्यावरून दोन शेजाऱ्यांची बोलाचाली होते, शब्दानें शब्द वाढतो आणि एकजण दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा लगावतो. मार खाणारा गृहस्थ तडक पोलीस ठाण्यावर जातो. त्याची हकीकत लिहून घेतली जाते आणि त्याच्या हातीं एक कागद येतो. आतां पुढचें काय तें पोलीस पाहतील, अशा समजुतीनें तो घरीं परततो. महिने लोटतात, चौकशीस कोणी येत नाहीं. गृहस्थ पोलिसांना बोल लावतो. परंतु हातांतील कागद त्यानें नीट वाचलेला नसतो. त्यावर ‘अदखलपात्र’ असा शब्द असतो, आणि सर्व उलगडा त्या एका शब्दांत आहे.

ज्या गुन्ह्याचा तपास पोलीस आपण होऊन करूं शकतात व ज्यांत वॉरंटावांचून अटक करण्याचा अधिकार त्यांना असतो, तो दखलपात्र गुन्हा. ज्यांत मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून तपास करतां येत नाहीं, तो अदखलपात्र. कोणता गुन्हा कोणत्या वर्गांतला, हें ठाणेदाराच्या मर्जीवर नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला जोडलेल्या पहिल्या परिशिष्टांत प्रत्येक गुन्ह्यापुढें तें लिहून ठेवलेलें आहे.

नळावरील भांडणाकडे पुन्हा वळूं. ठोशानें ओठ सुजला व थोडें रक्त आलें, एवढेंच असेल तर ती साधी दुखापत होय. तिला फार तर एक वर्षाची कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, आणि ती अदखलपात्र आहे. पण त्याच ठोशानें दांत मोडला असेल, तर कायद्याच्या व्याख्येप्रमाणें ती जबर दुखापत ठरते. कारण हाड किंवा दांत मोडणें अथवा निखळणें हें त्या व्याख्येंत स्पष्ट घातलेलें आहे. जबर दुखापत दखलपात्र आहे. म्हणून आधीं सरकारी दवाखान्यांत तपासणी करून घेऊन दांताची नोंद दाखल्यांत झाली कीं नाहीं हें पाहावें. एकाच प्रकरणांत अनेक गुन्हे असून त्यांतील एक जरी दखलपात्र असला, तरी सबंध प्रकरण दखलपात्रच मानलें जातें.

गुन्हा दखलपात्र असेल तर पोलिसांना फिर्याद नोंदवावीच लागते. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ललिताकुमारी खटल्यांत तसा स्पष्ट निर्णय दिला आहे. तोंडी सांगितलेली हकीकत लिहून, वाचून दाखवून तिच्यावर सही घ्यावी लागते आणि तिची नक्कल विनामूल्य द्यावी लागते. ‘ही जागा आमच्या हद्दींत नाहीं’ या सबबीवर खबर नाकारतां येत नाहीं. तरीही नकार मिळाला, तर हकीकत पोलीस अधीक्षकाकडे लेखी धाडावी, आणि तेथेंही दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा. एकदां फिर्याद नोंदली गेली, म्हणजे साक्षी-पुरावा गोळा करण्याचा भार सरकारवर पडतो.

अदखलपात्र गुन्ह्यांत हा भार फिर्यादीवरच राहतो. पोलीस हकीकतीचा सारांश वहींत टिपून घेतात आणि फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे जाण्यास सांगतात. त्या कागदाचा अर्थ एवढाच, कीं अमुक दिवशीं अमुक तक्रार करण्यांत आली. पुढें दोन वाटा आहेत. मॅजिस्ट्रेटकडून पोलिसांना तपासाचा हुकूम मिळवावा. तो मिळाल्यावर पोलीस दखलपात्र गुन्ह्याप्रमाणेंच तपास करतात, मात्र वॉरंटावांचून अटक करूं शकत नाहींत. किंवा मॅजिस्ट्रेटपुढें स्वतःच फिर्याद दाखल करावी. तेथें फिर्यादीची व त्याच्या हजर असलेल्या साक्षीदारांची शपथेवर जबानी होते, आणि फिर्यादीची दखल घेण्यापूर्वीं आरोपीलाही आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिली जाते. नळावर घडलेला प्रकार पाहणारे शेजारी कोर्टांत येतील कीं नाहीं, याचा विचार फिर्यादीनें आधींच केलेला बरा. पुढें समन्स निघाल्यावर तोच तारखेस गैरहजर राहूं लागला, तर आरोपी सुटण्याचा संभव असतो.

सर्वांत मोठा धोका मुदतीचा आहे. ज्या गुन्ह्याला फार तर एक वर्षाची कैद आहे, त्याची दखल कोर्टानें घेण्यास एक वर्षाची मुदत असते. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला ती सहाच महिन्यांची. ही मुदत सामान्यतः गुन्ह्याच्या दिवसापासून धांवूं लागते, आणि ठाण्यावरील नोंदीनें ती थांबत नाहीं. विलंबाचें सबळ कारण पटल्यास कोर्ट तो माफ करूं शकतें. पण ‘पोलीस तपास करीत असतील असें वाटलें’ हें कारण पटेलच, याचा भरंवसा नाहीं.

म्हणून ठाण्यावरून उठण्यापूर्वीं कागदावर दखलपात्र लिहिलें आहे कीं अदखलपात्र, कोणतें कलम घातलें आहे, आणि दुखापतीचें वर्णन खरें उतरलें आहे कीं नाहीं, हें वाचून घ्यावें. पहिला शब्द असेल तर पोलिसांच्या तपासाची वाट पाहावी. दुसरा असेल तर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाची वाट धरावी, आणि तीही वर्ष उलटण्यापूर्वीं.