निर्बंधित भाडे

निर्बंधित भाडे म्हणजे प्रवाशाने काही अटी मान्य केल्यास नेहमीपेक्षा कमी दराने मिळणारे प्रवासभाडे होय. आगाऊ खरेदी, किमान मुक्काम आणि बदल वा रद्दीकरणावरील दंड या त्यांतील तीन प्रमुख अटी आहेत. ही पद्धत मुख्यतः विमानवाहतुकीत रूढ झाली. भारतीय रेल्वेने २०२५ च्या सणासुदीत राबवलेल्या परतीच्या तिकिटाच्या सवलत योजनेतही तिन्ही अटी एकत्र आढळतात. पालघर, बोईसर आणि तारापूर औद्योगिक वसाहतीतून दिवाळी व छठपूजेसाठी उत्तर भारतात जाणाऱ्या कामगारांच्या प्रवासावरून या अटींचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट होतो.

## अटींमागील हेतू

एकाच गाडीतील किंवा विमानातील आसनासाठी वेगवेगळे प्रवासी वेगवेगळी किंमत मोजण्यास तयार असतात. सुटीसाठी जाणारा प्रवासी बेत आधी ठरवतो व अनेक दिवस मुक्काम करतो. कामानिमित्त जाणारा प्रवासी मात्र ऐनवेळी निघतो, लवकर परततो आणि त्याच्या तारखा बदलतात. स्वस्त भाडे केवळ पहिल्या गटापर्यंत पोहोचावे यासाठी अटी घातल्या जातात. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ मध्ये आणलेली ‘सुपर सेव्हर’ भाडी हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. परतीपूर्वी शनिवारची रात्र मुक्कामी काढण्याची विमानभाड्यांतील अटही याच हेतूने आली, कारण व्यावसायिक प्रवासी सहसा शनिवार-रविवारी घरी असतो.

## रेल्वेची २०२५ मधील योजना

रेल्वे मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सणासुदीच्या गर्दीसाठी ही योजना प्रायोगिक तत्त्वावर जाहीर केली. तिचे आरक्षण १४ ऑगस्टपासून सुरू झाले. जाण्याची गाडी १३ ते २६ ऑक्टोबर आणि परतीची गाडी १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळात सुटणारी असणे आवश्यक होते. परतीच्या मूळ भाड्यावर २० टक्के सवलत होती. जाण्याच्या भाड्यावर सवलत नव्हती.

दोन्ही तिकिटांवरील प्रवासी, वर्ग आणि स्थानकांची जोडी सारखीच असावी लागे. दोन्ही तिकिटे निश्चित आसनाची आणि एकाच मार्गाने, म्हणजे दोन्ही ऑनलाइन किंवा दोन्ही खिडकीवर, काढलेली असणे बंधनकारक होते. राजधानी, शताब्दी, दुरांतो यांसारख्या बदलत्या भाड्याच्या गाड्या योजनेतून वगळल्या होत्या. या तिकिटांत बदल करता येत नसे व त्यांचा परतावाही मिळत नसे.

## अटींचा अर्थ

### आगाऊ खरेदी

त्या वेळी रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होत असे. १३ ऑक्टोबरच्या गाडीचे आरक्षण त्यामुळे १४ ऑगस्टला सुरू झाले. परतीच्या तिकिटाला मात्र ही मर्यादा लागू नव्हती. १ डिसेंबरचे परतीचे तिकीटही जाण्याच्या तिकिटाला जोडून ऑगस्टमध्येच काढता येत होते. त्यामुळे परतीचे निश्चित आसन इतरांच्या आधी मिळणे हा सवलतीइतकाच महत्त्वाचा लाभ होता.

### किमान मुक्काम

योजनेत ‘किमान मुक्काम’ असा शब्द नव्हता; तो तारखांमधून निघतो. २६ ऑक्टोबरला निघून १७ नोव्हेंबरला परतल्यासही दोन तारखांत २२ दिवसांचे अंतर पडते. दिवाळीसाठी १८ ऑक्टोबरला निघणाऱ्यासाठी ते ३० दिवस होते. छठपूजा २८ ऑक्टोबरला संपली, म्हणजे सण झाल्यावरही सुमारे २० दिवस गावी थांबणे भाग होते. दोन आठवड्यांची रजा मिळालेल्या कामगाराला ही सवलत घेता येत नव्हती.

तारखा गाडी सुटण्याच्या होत्या, प्रवासी चढण्याच्या नव्हेत, हेही पाहावे लागे. बिहारमधून १६ नोव्हेंबरच्या रात्री निघालेली गाडी उत्तर प्रदेशातील स्थानकावर १७ नोव्हेंबरला पोहोचली, तरी तिची सुटण्याची तारीख १६ च राहते. अशी गाडी योजनेत बसत नव्हती.

### स्थानकांची जोडी

लांब पल्ल्याच्या सर्व गाड्या पालघर आणि बोईसर येथे थांबत नाहीत. त्यामुळे येथील प्रवासी अनेकदा वसई रोड, बोरिवली किंवा वापी येथून गाडी पकडतात. नेहमीच्या तिकिटावर बोईसरहून जाऊन वापीला उतरता येते. या योजनेत मात्र जोडी बदलल्याने सवलत मिळत नव्हती. म्हणून निवडलेल्या स्थानकावर दोन्ही दिशांच्या गाड्या थांबतात का, हे खरेदीपूर्वी पाहणे आवश्यक होते.

## दंडाचा हिशेब

समजा, शयनयान वर्गाचे मूळ भाडे एका दिशेला ५०० रुपये आहे. सोयीसाठी इतर आकार वगळल्यास साध्या तिकिटांचा खर्च १,००० रुपये आणि योजनेतील खर्च ९०० रुपये होतो. परतीवर २० टक्के सूट असली, तरी एकूण खर्चात बचत १० टक्केच होते.

आता कारखान्यातून लवकर हजर होण्याचा निरोप आला व परतीचे तिकीट रद्द करावे लागले, असे मानू. त्या वेळच्या नियमानुसार, गाडी सुटण्याच्या ४८ तासांपेक्षा आधी रद्द केलेल्या शयनयानाच्या निश्चित तिकिटावर माणशी १२० रुपये कापले जात. साध्या तिकिटाचे ३८० रुपये परत मिळून निव्वळ खर्च ६२० रुपये होई. योजनेतील प्रवाशाला काहीच परत न मिळाल्याने त्याचे ९०० रुपये जात, म्हणजे २८० रुपये अधिक. नव्या परतीच्या तिकिटाचा खर्च दोघांनाही सारखाच येतो.

अशा प्रकारे १०० रुपयांची हमखास बचत ३८० रुपयांचा संभाव्य परतावा सोडून मिळते. परतीची तारीख बदलण्याची शक्यता सुमारे चारात एकापेक्षा जास्त असेल, तर साधे तिकीट स्वस्त पडते. जाण्याचा बेतच रद्द झाला, तर फरक आणखी वाढतो: साध्या दोन तिकिटांवर २४० रुपये, तर योजनेत पूर्ण ९०० रुपये बुडतात.

## विमानभाड्यातील फरक

विमानभाड्याचे नियम वाचताना आणखी काही बाबी येतात. आगाऊ खरेदीच्या अटीत अनेकदा दोन मुदती असतात: प्रस्थानापूर्वी किती दिवस आरक्षण करावे आणि आरक्षणानंतर किती वेळात पैसे भरून तिकीट काढावे. दुसरी मुदत चुकल्यास आरक्षण रद्द होऊ शकते. बदल शुल्क भरूनही पूर्वीचे भाडे कायम राहीलच असे नाही. नव्या तारखेला ते भाडे उपलब्ध नसल्यास भाड्यातील फरकही द्यावा लागतो. प्रस्थानापूर्वीचा बदल, प्रस्थानानंतरचा बदल आणि न कळवता गैरहजर राहणे यांसाठी दंड वेगवेगळा असू शकतो. जाण्याचे व येण्याचे भाडे निरनिराळ्या नियमांचे असल्यास, दंडाच्या बाबतीत अनेकदा अधिक कडक नियम संपूर्ण तिकिटाला लागू होतो.

भारतात ‘परतावा नाही’ असे लिहिलेल्या विमानतिकिटावरही सर्व रक्कम बुडत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार रद्दीकरण शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त आकारता येत नाही. न वापरलेल्या तिकिटावरील वैधानिक कर आणि विमानतळ वापर शुल्क परत करावे लागते. त्यामुळे दोन विमानभाड्यांची तुलना करताना तिकिटाच्या एकूण रकमेसोबत तिच्यातील मूळ भाड्याचा हिस्साही पाहावा लागतो; बेत बदलल्यास बुडण्याचा धोका प्रामुख्याने त्याच हिश्शाला असतो.