हरून मिळालेली सोपी वाट

2018च्या फुटबॉल विश्वचषकात बेल्जियमने इंग्लंडला 1-0 हरवून गट जिंकला. बक्षीस काय, तर जपाननंतर ब्राझील आणि मग फ्रान्स. दुसऱ्या आलेल्या इंग्लंडच्या वाट्याला मात्र कोलंबिया, स्वीडन, क्रोएशिया.

विजेतेपदाचा भाव काढताना ही वाटच मोजावी लागते. समजा, दोन्ही संघ तुल्यबळ आहेत. सोप्या वाटेवर तीन सामने जिंकण्याची शक्यता 65, 65 आणि 60 टक्के धरली, तर अंतिम फेरी गाठण्याची शक्यता सुमारे 25 टक्के येते. तिथे समोर बलाढ्य संघ येणार, म्हणून 45 टक्के धरू. गुणाकार 11.4 टक्के, म्हणजे रास्त भाव सुमारे 8.8. अवघड वाटेवर 55, 50, 50 टक्के, अंतिम सामन्यात मात्र 60 टक्के. भाव 12.1.

प्रत्यक्षात पुढचा प्रतिस्पर्धी कोण, हेच ठाऊक नसते. म्हणून संगणक प्रत्येक सामन्याचा निकाल या शक्यतांनुसार चिठ्ठी काढल्यासारखा ठरवत अख्खी स्पर्धा दहा हजार वेळा खेळवतो आणि विजेते मोजतो. सोडतीआधीचा भाव हवा असेल, तर दर फेरीत सोडतही नव्याने काढावी लागते. संघाच्या ताकदीचा अंदाजच चुकला असेल, तर मात्र दहा लाख फेऱ्याही तीच चूक ठामपणे सांगतात.